‘असंच घर’ नको, ‘हे घर’ लिहा

*मी जळगावात सहा वर्षं इंटिरिअरची कामं करते. नुकतंच एका टू बीएचकेचं काम संपलं. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. फोटो छान आलेत, ते इन्स्टाग्रामवर टाकायचे आहेत. सोबत लिहायला मी हा मजकूर तयार केला: ‘स्वप्नातलं घर आता वास्तवात! फक्त ५० दिवसांत, तुमच्या बजेटमध्ये. वॉटरप्रूफ किचन, १००% समाधानाची हमी. मोफत सल्ल्यासाठी आजच फोन करा.’ खरं सांगायचं तर ५० दिवस ठरले होते, लागले ७६. दिवाळीत सुतार गावी गेले त्यात १२ दिवस गेले, घरच्यांनी मधेच माळे आणि पलंगाखालचं स्टोरेज वाढवलं त्याचे ९, आणि लॅमिनेट चुकीच्या शेडचं आलं त्याचे ५. अंदाज ६ लाख ४० हजारांचा दिला होता, बिल ७ लाख २५ हजार झालं. घरचे मात्र खूश आहेत. आजी परवा म्हणाल्या, ‘आते माले रातले उठाले भ्याव वाटत नही.’ मागच्या पोस्टनंतर २७ फोन आले, कामं दोनच मिळाली. बाकीचे म्हणायचे, ‘तसंच, तेवढ्यातच करून द्या.’ भाऊ म्हणतो, सगळेच असं लिहितात, खरं लिहिलंस तर फोनही येणार नाहीत. मी काय लिहू?*

*— जळगावहून एक इंटिरिअर डिझायनर*

ताई,

भावाचं म्हणणं आधी घेऊ, कारण तुमच्या पत्रातली भीती तिथूनच आली आहे. त्यांना फोन कमी होण्याची काळजी वाटते. पण २७ फोन येऊनही कामं दोनच मिळाली. उरलेल्या २५ जणांशी तुम्ही बोललात, काहींच्या घरी जाऊन मापंही घेतली असतील. त्या माणसांनी वेडंवाकडं काही मागितलं असं मला वाटत नाही. मागच्या पोस्टमध्येही तुम्ही ‘बजेटमध्ये’ आणि ‘इतक्या दिवसांत’ असंच काही लिहिलं असणार, आणि त्यांनी लिहिलं तेच मागितलं. एखाद्या घराचे दिवस आणि पैसे त्या घरापासून तोडून पोस्टमध्ये ठेवले की वाचणाऱ्याच्या हातात दरपत्रक पडतं. मग तो भुसावळहून फोन करतो आणि म्हणतो, माझंही टू बीएचके आहे, तेवढ्यात करा. त्याचं घर तळमजल्यावर आहे, भिंतींना ओल आहे, जुनं वायरिंग बदलावं लागणार आहे, यातलं काही त्या पोस्टला माहीत नसतं. म्हणून किती फोन येतील याच्यापेक्षा कोणत्या माणसाचा फोन यावा, याचा विचार करून मजकूर लिहा.

मी ही कामं बरीच वर्षं केली आहेत, आणि ‘वॉटरप्रूफ किचन’ हे शब्द मीही एकदा छापले होते. धुळ्याच्या एका घराचे फोटो घालून पत्रक काढलं होतं. प्लाय खरंच चांगला वापरला होता, शिक्क्याचा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. मला वाटायचं, प्लाय वॉटरप्रूफ म्हणजे किचन वॉटरप्रूफ. ते पत्रक वाचून आलेल्या दुसऱ्या ग्राहकाचं स्वयंपाकघर मी तशाच पद्धतीनं केलं. चौदाव्या महिन्यात सिंकच्या पाइपचा जोड गळायला लागला. पाणी कपाटाखाली साचत राहिलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. खालची पट्टी एमडीएफची होती. ती बिस्किट चहात भिजावं तशी फुगली, आणि दोन दारं खाली घासायला लागली. ते गृहस्थ पत्रक घेऊन माझ्यासमोर बसले. रागावले नव्हते. पत्रकावरच्या त्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे कशाबद्दल होतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती दुरुस्ती मी स्वतःच्या खर्चानं केली.

तेव्हापासून मला त्या शिक्क्याचा अर्थ नीट कळला. आयएस ७१० च्या प्लायच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा द्यावी लागते. पण त्यात पाहिलं जातं ते थरांमधला गोंद सुटतो की नाही. कापलेल्या कडा नीट बंद केल्या का, बिजागरीच्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं का, खालची पट्टी कशाची आहे, सिंकभोवतीचं सिलिकॉन किती वर्षं धरेल, यातलं काही तो शिक्का सांगत नाही. म्हणून तुमच्या पोस्टमध्ये ‘सिंकखालचा कप्पा आयएस ७१० प्लायचा’ हे वाक्य चालेल, कारण ते तुम्ही वापरलेल्या एका वस्तूबद्दल आहे. ‘वॉटरप्रूफ किचन’ चालणार नाही, कारण ते पुढच्या दहा वर्षांबद्दल आणि न गळणाऱ्या पाइपाबद्दल आहे. वाळवीचंही तसंच. ‘टर्माइट प्रूफ’ लिहू नका. काय केलंत ते लिहा: कोणत्या भिंतींना औषध मारून घेतलं, आणि कपाटाची मागची बाजू भिंतीला टेकवली की अंतर ठेवलं.

‘१००% समाधानाची हमी’ मी काढूनच टाकीन. समाधान मोजता येत नाही, आणि हमी लिहिली की ती कशाची, किती दिवसांची आणि देणारा कोण, हे समोरचा विचारणारच. बिजागऱ्या आणि चॅनेलची वॉरंटी कंपनीची असते, सुतारकामाची तुमची. सुतारकामातला दोष तुम्ही एक वर्ष विनामूल्य दुरुस्त करत असाल आणि तसं करारात लिहून देत असाल, तर तेवढंच पोस्टमध्ये लिहा. देत नसाल तर हमीचा शब्दच नको.

इथं पुष्कळ जण खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ टाकून मोकळे होतात. तो आधार फार कच्चा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना जून २०२२ मध्ये आल्या. त्यांचं म्हणणं असं की खुलाशानं मूळ दावा स्पष्ट करता येतो, पण खोटा दावा खुलाशानं खरा करता येत नाही. आणि तुमच्या व्यवसायाची इन्स्टाग्रामवरची पोस्ट ही जाहिरातच आहे.

आता दिवस. इथं मात्र तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. २६ दिवस जास्त लागले, त्यातले १२ दिवाळीचे. आपल्याकडे अनेक सुतार राजस्थान, उत्तर प्रदेशातून येतात. सणाला ते गावी जाणार, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ९ दिवस घरच्यांनी वाढवलेल्या कामाचे. उरले ५. ते तुमच्या किंवा पुरवठादाराच्या चुकीचे, आणि शीट येताच नमुन्याशी ताडून न पाहिल्याचे. वाचणाऱ्यानं ही विभागणी पाहिली तर त्याला कळेल की ही बाई दिवसांचा हिशेब ठेवते. माझ्या अनुभवात ‘फक्त ५० दिवसांत’ वाचून येणारा माणूस ५१ व्या दिवशी फोन करतो, आणि ‘५० ठरले, ७६ लागले, कारणं ही’ वाचून येणारा पहिल्या भेटीतच विचारतो, ‘आमचं काम दिवाळीत येतंय का?’ दुसऱ्या माणसाबरोबर काम करणं सोपं जातं. पुरवठादाराचं नाव मात्र पोस्टमध्ये घालू नका. आणि इथून पुढे दिवस कुठून मोजायचे तेही ठरवून ठेवा. मी ड्रॉइंगवर सही, आगाऊ रक्कम आणि रिकाम्या घराची किल्ली या तिन्ही गोष्टी हातात आल्या की दुसऱ्या दिवसापासून मोजत असे.

पैशांबद्दल माझं मत वेगळं आहे. बिलाचा आकडा लिहू नका. तुम्ही सांगितलेलं नाही, पण ८५ हजारांच्या वाढीतला मोठा भाग त्या माळ्यांचा आणि पलंगाच्या स्टोरेजचा असणार. म्हणजे तुमचा अंदाज चुकला असं नाही, काम वाढलं. तरीही ‘बजेटमध्ये’ हा शब्द इथं बसत नाही. मग खरा आकडाच का लिहू नये, असं तुम्ही विचाराल. एक कारण असं की त्या आकड्यात काय आहे आणि काय नाही, हे सांगायलाच अर्धं पान लागेल: जीएसटी धरून की वगळून, पंखे-पडदे-चिमणी आहेत का, फरशीचं काम त्यात होतं का. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो पैसा त्या घराचा आहे. जळगाव काही इतकं मोठं नाही. फोटोतला ओटा पाहून कुणाची तरी नणंद ओळखेल, आणि ‘साडेसात लाख घातले म्हणे’ ही बातमी संध्याकाळपर्यंत नातलगांत फिरेल. काही डिझायनर किमान दर लिहितात, ‘अमुक लाखांपासून पुढे’. तो दर धरून तुम्ही खरंच अलीकडे एखादं पूर्ण काम केलं असेल आणि त्यात काय-काय आलं ते शेजारीच लिहिणार असाल, तरच तसं लिहा. नाही तर तो गळ होतो. आकडा लिहायचाच तर स्वतःचा लिहा: भेटीचं शुल्क. त्याकडे पुढे येते.

आधी फोटोंबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण वचन नेहमी शब्दांतूनच दिलं जातं असं नाही. तुम्ही पाठवलेल्या सात फोटोंपैकी पहिला हॉलचा आहे आणि तो फोनच्या ०.५ लेन्सनं काढलाय. त्या लेन्समध्ये कडा ताणल्या जातात. सोफ्याचा जवळचा कोपरा लांबट दिसतोय आणि समोरची भिंत फार दूर गेली आहे. ११ बाय १५ चा हॉल मंगल कार्यालयासारखा वाटतो. तो पाहून आलेल्या माणसाला त्याच्या ११ बाय १५ च्या हॉलमध्ये तेच हवं असेल, आणि ते त्याला कधीच मिळणार नाही. हा फोटो १ वर ठेवून पुन्हा काढा. दारात उभं राहा, फोन छातीच्या थोडा खाली, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर धरा, आणि दाराची चौकट सरळ उभी दिसेपर्यंत फोन वर-खाली झुकवू नका. पूर्ण हॉल एका फोटोत मावत नसेल तर दोन फोटो टाका. सकाळी आठ-नऊच्या उजेडात काढा. घरातले पिवळे दिवे आणि बाहेरचं ऊन एकत्र आलं की लॅमिनेटचा रंग खोटा दिसतो, आणि तुमचं तर शेडवरून पाच दिवसांचं नुकसान झालंय.

पाचव्या फोटोत फुलदाणी, दोन पुस्तकं आणि पितळी दिवा आहे. हे सामान त्या घरचं आहे का? फोटोपुरतं तुम्ही आणलं असेल तर काढून टाका, किंवा ‘सजावटीच्या वस्तू फोटोपुरत्या’ एवढं लिहा. सातवा फोटो मला थ्रीडी चित्र वाटला. छताच्या कडेचा दिवा इतका एकसारखा प्रत्यक्षात पडत नाही. तसं असेल तर पूर्ण झालेल्या कामाच्या मालिकेत त्याला जागा नाही. दाखवायचाच असेल तर त्यावरच ‘थ्रीडी चित्र’ असं लिहा, आणि शेजारी त्याच कोनातून काढलेला खरा फोटो ठेवा.

आणि चौथा फोटो तुम्ही शेवटी टाकणार होतात, कूलरची खिडकी दिसते म्हणून. ताई, खानदेशात कूलर लपवायचा नसतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा निम्मं घर त्या खिडकीसमोर झोपतं. कूलरची हवा ओली असते. त्या वाटेत एमडीएफचं कपाट आलं तर दोन उन्हाळ्यांत कडा फुगतात आणि दारं अडकतात. तुमच्या फोटोत कपाट खिडकीच्या दोनेक फूट अलीकडे थांबलंय आणि त्या बाजूचा पॅनेल प्लायचा दिसतोय. हे तुम्ही विचार करून केलंय. तसंच ओट्याखालच्या त्या दोन कोठ्या. दादर ज्वारी आणि वर्षाचे गहू कुठे ठेवायचे, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या फोटोंत कधी सुटलेला दिसत नाही. बिबड्या आणि पापडांचे डबे ठेवायला वरचा उथळ कप्पा केलाय, तोही मी मोठा करून पाहिला. हे तीन फोटो तुमच्या मजकुराला जे सांगू देतात ते ‘स्वप्नातलं घर’ या शब्दांना जमणार नाही.

मालिकेत पहिला फोटो मात्र मी हॉलचाही घेणार नाही. पॅसेजचा घेईन, भिंतीला लावलेली दांडी आणि खालचा सेन्सरचा दिवा असलेला. आजींचं वाक्य त्याच्याबद्दलच आहे, नाही का? ते वाक्य त्यांच्याच अहिराणीत ठेवा, प्रमाण मराठीत करू नका. ते छापायला चालेल का, हे आजींनाच विचारा, मुलाला विचारून भागवू नका. घरच्यांकडून फोटो आणि मजकुरासाठी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी होकार घ्या. दारावरची पाटी, भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, मुलांच्या शाळेचा गणवेश, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत आणि उभ्या गाडीचा नंबर, हे एकही फोटोत राहू देऊ नका. ‘जळगाव’ पुरेसं आहे, कॉलनीचं नाव नको. तिजोरी किंवा कुलपाचा कप्पा कुठे केलाय, हे तर मुळीच दाखवू नका.

आता निमंत्रण. ‘मोफत सल्ला’ हे शब्द वाचून माणसाला वाटतं की तुम्ही येऊन नकाशा काढून, कोटेशन देऊन जाल. तुम्ही तसं करणार नसाल तर तो शब्द दोघांचाही वेळ खातो. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, फोनवर पंधरा मिनिटं विनामूल्य बोलायचं. त्यात काम तुमच्या पट्ट्यातलं आहे का, केव्हा सुरू करायचं आहे, एवढंच ठरेल. दुसरी, घरी जाऊन तासभर पाहायचं आणि त्याचं शुल्क घ्यायचं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी पहिली वाट सांगते, कारण त्यांना अजून माणसं ओळखायला शिकायचं असतं. तुमची सहा वर्षं झाली आहेत आणि २५ फोनांचा अनुभव गाठीशी आहे, म्हणून तुम्ही दुसरी घ्या. खालच्या मजकुरात मी ८०० रुपये लिहिलेत. तुमचा जाण्या-येण्याचा वेळ धरून तुम्हाला परवडेल तो आकडा घाला, पण घाला नक्की. भेटीत काय मिळेल तेही लिहा आणि काय मिळणार नाही तेही. ‘या महिन्यात फक्त तीनच जागा’ हे तुमच्या डायरीत खरोखर तीन जागा असतील तरच.

दोन तांत्रिक गोष्टी. यादीत पोस्ट दिसते तेव्हा मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं `more` दाबल्यावर. म्हणून घराची गोष्ट पहिल्या ओळीत हवी, तुमचं नाव आणि फोन नंबर तिथं नको. आणि इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक दाबली जात नाही, म्हणून ती बायोमध्ये ठेवा. एकूण मर्यादा २,२०० अक्षरांची आहे. खालचा मजकूर त्यात आरामात बसतो:

> रात्री आजींना बाथरूमपर्यंत एकटीनं जाता यावं, इथून या घराचं काम सुरू झालं.
>
> जळगाव. टू बीएचके. पाच माणसांचं घर.
>
> पहिला फोटो पॅसेजचा: भिंतीला धरायची दांडी आणि हालचालीनं लागणारा खालचा दिवा. आजी म्हणतात, ‘आते माले रातले उठाले भ्याव वाटत नही.’
>
> स्वयंपाकघरात ओट्याखाली दादर आणि गव्हाच्या दोन कोठ्या, वर बिबड्या-पापडांच्या डब्यांचा उथळ कप्पा. सिंकखालचा कप्पा आयएस ७१० प्लायचा.
>
> बेडरूममध्ये कूलरची खिडकी जिथे होती तिथेच ठेवली. ओली हवा लागू नये म्हणून कपाट दोन फूट अलीकडे थांबवलं.
>
> काम ५० दिवसांचं ठरलं होतं, ७६ लागले: दिवाळीची सुट्टी, मधे वाढलेले माळे आणि पलंगाचं स्टोरेज, आणि एकदा चुकीच्या शेडचं आलेलं लॅमिनेट. तुमच्या घराला किती दिवस आणि किती खर्च लागेल, ते घर पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.
>
> घर दाखवायचं असेल तर: जळगाव शहरात एक तासाची भेट, शुल्क ८०० रुपये. काय बदलता येईल, काय आहे तसं ठेवलेलं बरं, आणि खर्च साधारण कुठून कुठपर्यंत जाईल, हे त्यात बोलू. ड्रॉइंग आणि पक्कं कोटेशन या भेटीत मिळत नाही. काम दिलंत तर शुल्क बिलातून वजा होईल. वेळ ठरवण्यासाठी बायोमधल्या लिंकवर घराचा नकाशा किंवा चार फोटो पाठवा.
>
> फोटो आणि शब्द घरच्यांच्या परवानगीनं.

यातलं जे तुमच्या घराबाबत खरं नसेल ते खोडा. मी फोटोंवरून अंदाज बांधलाय. कपाटाचा तो पॅनेल प्लायचा नसेल किंवा कोठ्यांत दादर नसून तांदूळ असतील, तर तुम्हाला ठाऊक आहे तसं लिहा. ‘काय आहे तसं ठेवलेलं बरं’ हे शब्द मात्र ठेवाच. तुमचा सल्ला म्हणजे सगळं तोडून नवं करणं नव्हे, हे त्यातून कळतं, आणि मधल्या पगारावर घर चालवणारी माणसं नेमकी याच भीतीनं फोन करत नाहीत.

पोस्ट टाकल्यावर पहिल्या तासात कुणीतरी विचारणारच, ‘किती खर्च आला?’ ‘मेसेज करा’ असं लिहून सोडू नका. त्यानं काही लपवल्यासारखं वाटतं, आणि तोच प्रश्न पुढचे वीस जण विचारतात. तिथंच लिहा: ‘हा आकडा घरच्यांचा, म्हणून सांगत नाही. खर्च मुख्यतः कपाटांच्या एकूण चौरस फुटांवर, प्लाय घेतला की एमडीएफ यावर आणि ओट्याच्या दगडावर ठरतो. तुमचा नकाशा पाठवला तर भेटीत अंदाज देईन.’ तरीही कुणी ‘हुबेहूब असंच करून द्या’ म्हणालं, तर त्यांना एक प्रश्न विचारा: तुमच्या घरात रात्री कोण उठतं? चाळीसगावच्या एका ग्राहकाला मी हे विचारलं तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत हॉलचा विषय सोडला आणि वडिलांच्या खाटेबद्दल बोलायला लागले.

महिन्याभरानं फोन मोजा, पण नुसता आकडा नको. कोण कुठून आलं, पहिल्याच वाक्यात काय म्हणालं, भेट ठरली का, काम मिळालं का, एवढं वहीत लिहा. नऊच फोन आले आणि त्यातून तीन कामं मिळाली तर ती वही भावाला दाखवा. नऊच फोन आले आणि एकही काम नाही, असंही होऊ शकतं. तसं झालं तर आधी शुल्काचा आकडा आणि पहिला फोटो बदलून पाहा. दिवसांच्या ओळीला हात लावू नका.

आणि मे महिन्यात, कूलर सुरू होऊन तीन आठवडे झाले की, त्या घरी एक चक्कर टाका. घरच्यांनी होकार दिला तर कपाटाची ती बाजू आणि सिंकखालचा कप्पा उघडून त्याच कोनातून फोटो काढा, आणि खाली ‘सहा महिन्यांनी’ एवढंच लिहा. कुठे काही फुगलेलं दिसलं तर सुताराला बरोबर घेऊन जा, आणि दुरुस्तीचाही फोटो टाका.